लिव्हरेज, कुक्स डिस्टन्स की गट वगळून पुन्हा फिट? वेगळा बिंदू काढण्याआधी कशावर भिस्त ठेवावी

प्रोजेक्टमध्ये रिग्रेशन बसवलं, आलेख काढला आणि दोन-तीन बिंदू बाकीच्यांपासून फटकून बसलेले दिसले, की प्रश्न एकच असतो: हे ठेवायचे की काढायचे? त्यासाठी हाताशी साधारण तीन मार्ग असतात. हॅट व्हॅल्यू म्हणजे लिव्हरेज पाहायचं, कुक्स डिस्टन्स पाहायचं, किंवा संशयित बिंदू बाजूला ठेवून मॉडेल सरळ पुन्हा बसवायचं. तिन्ही मी वापरले आहेत. सूत्रं तुम्हाला ठाऊक असतील असं धरतो आणि थेट एका उदाहरणात शिरतो.

आर मधल्या `MASS` पॅकेजात `Animals` नावाचा छोटा डेटा आहे. २८ प्राणी, प्रत्येकाचं शरीराचं वजन किलोत आणि मेंदूचं ग्रॅममध्ये. त्यात उंदीर आहे, हत्ती आहेत, माणूस आहे आणि तीन डायनोसॉरही आहेत.

```r
library(MASS)
m <- lm(log(brain) ~ log(body), data = Animals)
hatvalues(m)
cooks.distance(m)
dino <- c("Dipliodocus", "Triceratops", "Brachiosaurus")
m2 <- update(m, data = Animals[!rownames(Animals) %in% dino, ])
```

(`Dipliodocus` हे स्पेलिंग डेटातच तसं आहे. सुधारून लिहाल तर ती ओळ वगळली जाणार नाही आणि आर काही तक्रारही करणार नाही.)

लिव्हरेजपासून सुरुवात करू. नेहमीची मर्यादा 2p/n, म्हणजे इथे ४/२८ = ०.१४३. ती दोनच प्राणी ओलांडतात: ब्रॅकिओसॉरस ०.१८६ आणि उंदीर ०.१८४. एक डेटातला सगळ्यात जड, दुसरा सगळ्यात हलका. लिव्हरेजला y दिसतच नाही, त्यामुळे रेषेला साथ देणारा बिंदू आणि रेषा खाली ओढणारा बिंदू त्याच्या लेखी सारखेच. म्हणून बिंदू काढण्याचा निर्णय मी लिव्हरेजवर कधीच सोपवत नाही. माझ्या मते त्याचं काम वेगळं आहे: डेटाची टोकं कुठे आहेत आणि कोणत्या नोंदी मूळ कागदाशी पुन्हा ताडून पाहायच्या, हे ते चटकन दाखवतं. दशांशचिन्ह सरकलेली नोंद बहुधा इथेच सापडते.

कुक्स डिस्टन्स याच्या पुढचं आहे. आर. डेनिस कुक यांनी १९७७ मध्ये मांडलेलं हे माप रेसिड्युअल आणि लिव्हरेज दोन्ही एकत्र घेतं आणि सांगतं, की हा एक बिंदू काढला तर सगळं फिट किती हलेल. बहुतेक प्रोजेक्टमध्ये निर्णय यावरच होतो, आणि एकच बिंदू बिघडलेला असेल तर तो बरोबरही ठरतो. माझं मन त्यावरून का उडालं, ते मात्र याच डेटात दिसतं.

वरच्या मॉडेलमध्ये ब्रॅकिओसॉरसचं कुक्स डिस्टन्स सुमारे ०.६० येतं, डिप्लोडोकसचं ०.३५, ट्रायसेराटॉप्सचं ०.२४ आणि उंदराचं ०.१५. आता मर्यादा कोणती धरायची? पुस्तकात १ दिलेली असेल तर एकही प्राणी दोषी नाही आणि प्रोजेक्टमध्ये लिहिलं जातं, ‘प्रभावी निरीक्षणं आढळली नाहीत.’ 4/n धरली, म्हणजे पुन्हा ०.१४३, तर तिन्ही डायनोसॉर पकडले जातात, पण सोबत उंदीरही.

उंदराचा यात काय दोष? काही नाही. तीन डायनोसॉरनी रेषेचं उजवं टोक खाली दाबलं, त्यामुळे डावं टोक वर उचललं गेलं आणि उंदीर रेषेच्या खाली राहिला. डायनोसॉर बाजूला ठेवून पाहा: उंदराचं कुक्स डिस्टन्स ०.०२ च्या आसपास येतं. उलट कोणी फक्त उंदीर काढला, तर स्लोप ०.५० वरून ०.४६ होतो, म्हणजे बिघाड आणखी वाढतो.

मूळ अडचण अशी की कुक्स डिस्टन्स एका वेळी एकच बिंदू काढून पाहतं. ब्रॅकिओसॉरस काढला तरी बाकीचे दोघे रेषा धरून ठेवतात आणि स्लोप ०.५० वरून जेमतेम ०.५७ होतो. डिप्लोडोकस एकटा काढला तर ०.५५, ट्रायसेराटॉप्स एकटा काढला तर ०.५४. तिघे मिळून काढले की तोच स्लोप ०.७५ वर जातो. पहिल्या रेषेनुसार शरीर दहापट झालं की मेंदू साधारण तिप्पट होतो, दुसरीनुसार साडेपाचपटीहून जास्त. निष्कर्षच बदलतो, आणि तरी एकाही बिंदूचा आकडा १ च्या जवळ फिरकत नाही. बिघडलेले बिंदू प्रत्यक्षात बहुतेक वेळा असे गटानेच येतात: एकाच उपकरणाची वाचनं, एकाच गावातली घरं, एकाच बॅचचे नमुने.

4/n ची आणखी एक गोष्ट खटकते. तिला थांबणं माहीत नाही. डायनोसॉर काढून उरलेल्या २५ प्राण्यांवर तीच कसोटी लावा. मर्यादा आता ०.१६, आणि माणूस ०.१७ ने पकडला जातो. त्याला काढल्यावर स्लोप ०.७५ वरून ०.७४ होतो, म्हणजे जवळजवळ हलतच नाही. हलतो तो मुख्यतः इंटरसेप्ट. तुमचा प्रश्न स्लोपचा असेल तर निदान `dfbetas(m2)` मधला स्लोपचा रकाना पाहा. कुक्स डिस्टन्स सगळं एकाच आकड्यात मिसळतं.

म्हणून माझा कल तिसऱ्या मार्गाकडे आहे: गट वगळून पुन्हा फिट करायचं आणि दोन्ही निकाल शेजारी-शेजारी मांडायचे. यात मर्यादेचा आकडा नसतो, हे काहींना अडचणीचं वाटेल. परीक्षक ‘कोणत्या निकषावर?’ असं विचारणारच. पण निकष सांख्यिकीच्या बाहेरून यायला हवा, असं मला मनापासून वाटतं. डायनोसॉरच्या नोंदी टंकनाच्या चुका नाहीत. ब्रॅकिओसॉरसचं ८७,००० किलो वजन आजच्या अंदाजांपेक्षा बरंच जास्त आहे हे खरं, पण ते निम्मं केलं तरी तो त्या रेषेपासून दूरच राहतो. त्यांना वगळण्याचं कारण एवढंच, की उरलेले २५ सगळे सस्तन प्राणी आहेत आणि प्रश्न सस्तन प्राण्यांचा आहे. हाच नियम माणसाला ठेवायला लावतो, मग त्याचा रेसिड्युअल कितीही मोठा असो. प्रश्न सगळ्या पृष्ठवंशीय प्राण्यांचा असता, तर डायनोसॉर काढायचा अधिकार मला नव्हता. तेव्हा गटासाठी वेगळा चल मॉडेलमध्ये घालावा लागला असता.

या मार्गालाही मर्यादा आहे. इथे x एकच आहे म्हणून तीन बिंदू डोळ्यांना दिसतात. पाच-सहा चल असले की गट आलेखात लपतो. तेव्हा मी `robustbase` मधलं `lmrob` चालवतो आणि कोणत्या नोंदींना शून्याजवळ वजन मिळालं ते पाहतो. त्या नोंदींमध्ये काही समान आहे का, हे मात्र डेटा गोळा करणाऱ्यालाच विचारावं लागतं.

एकट्या बिंदूचा संशय असेल आणि वेळ कमी असेल, तर कुक्स डिस्टन्स पुरेल. मात्र त्याचे आकडे उतरत्या क्रमाने लावून कुठे मोठी उडी आहे ते पाहा, मर्यादेवर अडून राहू नका. शंका एकाहून जास्त बिंदूंची असेल, तर प्रोजेक्टच्या तक्त्यात दोन रकाने ठेवा: एक २८ प्राण्यांचा, एक २५ चा, आणि वगळण्याचा नियम तक्त्याच्या खाली एका वाक्यात लिहा.