टॉवेल भाड्याने देणाऱ्यापासून सावध राहा : माझे ४६,७५० रुपये आणि माझेच ९६ टॉवेल

पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर टॉवेल वाळत नाहीत, हे इथल्या सलूनवाल्यांना सांगावे लागत नाही, आणि ज्या माणसाने मला लुबाडले त्यालाही ते कोणी सांगावे लागले नव्हते. तो नेमका आषाढात आला. त्या वेळी माझ्या तीन खुर्च्यांच्या सलूनमध्ये मागच्या खोलीत दोऱ्यांवर टॉवेल लोंबत होते, खाली पंखा चालू होता आणि तरीही प्रत्येक घडीला तो ओळखीचा कुबट वास येत होता. परीट पावसात टॉवेलमागे पाच रुपये घेत होता आणि गठ्ठा परत द्यायला दोन-तीन दिवस लावत होता. अशा वेळी कोणी येऊन म्हणाले की टॉवेल आमचे, धुलाई आमची, नेणे-आणणे आमचे आणि दर साडेतीन रुपये, तर कोणाचेही कान टवकारतील. माझ्या जागी असता तर तुम्हीही ऐकून घेतले असते, हे मी आधीच सांगून ठेवते.

योजनेचा साचा तुम्हाला ठाऊक असेलच : अनामत, आगाऊ रक्कम, गुळगुळीत छापलेला करारनामा आणि पहिला पंधरवडा अगदी चोख सेवा. आमच्याकडे दिवसाला साधारण ४० टॉवेल लागतात, म्हणून एक संच वापरात, एक धुलाईत आणि एक राखीव असे १२० टॉवेल तो देणार होता. त्यासाठी टॉवेलमागे १५० रुपयांप्रमाणे १८,००० रुपये अनामत ठरली. मात्र माझ्याकडचे ९६ टॉवेल ‘जुन्याच्या बदल्यात’ म्हणून त्याने प्रत्येकी ४० रुपयांना, म्हणजे ३,८४० रुपयांना, वळते करून घेतले आणि उरलेले १४,१६० रुपये मी दिले. धुलाईचा पहिला महिना ३,६४० रुपये. त्याशिवाय मानेच्या पट्ट्या, हातमोजे, वॅक्सिंगच्या पट्ट्या, एकदा वापरून टाकायचे एप्रन आणि फरशी-खुर्च्या पुसण्याचे जंतुनाशक यांचे सहा महिन्यांचे ‘सप्लाय कार्ड’ २४,६०० रुपयांना. एकूण ४२,४०० रुपये. उरलेले ४,३५० रुपये त्याने नंतर कसे काढले, ते पुढे सांगते.

ज्या क्षणी थांबायला हवे होते, तो क्षण माझे टॉवेल टेम्पोत चढताना समोर उभा होता. जो माणूस नवे टॉवेल भाड्याने देणार आहे, त्याला माझे वापरलेले टॉवेल कशाला हवेत? ‘पुसणी म्हणून विकतो’ असे तो म्हणाला. पुसणीला प्रत्येकी ४० रुपये कोण देतो? माझे टॉवेल चांगले होते, ४० बाय ७० सेंटिमीटरचे आणि ४०० जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला ४०० ग्रॅम भरणारे, आणि रंगाचे डाग पडू नयेत म्हणून मी गडद तपकिरी रंगाचेच घेते. प्रत्येकाच्या एका कोपऱ्याला हिरव्या दोऱ्याची फुली शिवलेली होती. ती फुली मी स्वतः शिवलेली आहे, कारण परटाकडे अदलाबदल होते. तो प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, पण त्याच वेळी खुर्चीवर डोक्याला रंग लावून बसलेल्या बाईंची वेळ भरली होती आणि मला आत जावे लागले. एकटीने गल्ला, गिऱ्हाईक आणि गठ्ठे सांभाळणाऱ्या बाईकडून आणखी काय अपेक्षा करायची?

पुढे जे घडले त्याचा हिशेब आता बसवता येतो. पहिले गठ्ठे उत्तम होते, जाड आणि सुगंधी. मग टॉवेल पाणी टिपेनासे झाले. केस धुतल्यावर डोक्याला गुंडाळला की पाणी मानेवरून ओघळायचे. कारण साधे आहे : कुबट वास दडपण्यासाठी कपडे मऊ करणारे सुगंधी द्रावण भरमसाट ओतले, की त्याचा थर सुताच्या फासांवर बसतो आणि टॉवेलची शोषकता जाते. टॉवेलवर पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. तो मोत्यासारखा वर बसून राहिला, तर एक तर त्या टॉवेलमध्ये असा थर आहे किंवा केसांचे तेल नीट निघालेले नाही. तेलकट टॉवेलला गरम पाणी लागते, आणि गरम पाण्याला पैसे लागतात.

त्यानंतर माझी मदतनीस एका सकाळी गठ्ठा सोडून म्हणाली, “ताई, हे आपले टॉवेल न्हय.” रंग तोच, माप तेच, पण हाताला हलके. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. ४० बाय ७० म्हणजे ०.२८ चौरस मीटर. ४०० जीएसएमचा टॉवेल कोरडा असताना ११२ ग्रॅम भरायला हवा. हा ७८ ग्रॅम भरला, म्हणजे सुमारे २८० जीएसएम. एकाच्या किनारीवर शाईने कोणाची तरी आद्याक्षरे लिहिलेली होती. वजन नेहमी एका, पूर्ण कोरड्या टॉवेलचे करावे. अख्ख्या गठ्ठ्याचे करू नये, कारण ३७ टॉवेल थोडे दमट असले की ते कोरड्या ४० टॉवेलांइतके भरतात, आणि आमचे गठ्ठे तसेच येत होते.

गठ्ठ्यात ३७ का, याचे उत्तर करारनाम्याच्या मागच्या पानावर होते : ‘मोजणी प्लांटमध्ये होईल व ती अंतिम राहील.’ आमच्याकडून ४० जायचे, ते ‘३७ मिळाले’ असे लिहायचे, आणि हरवलेल्या प्रत्येक टॉवेलचे १५० रुपये आमच्या नावावर. असे २९ टॉवेल ‘हरवले’ आणि त्याचे ४,३५० रुपये मी यूपीआयने भरले, कारण भरले नाहीत तर गठ्ठा अडवून ठेवू अशी धमकी होती आणि गणपतीला मुंबईकर येण्याआधीचे दिवस होते. त्या दिवसांत टॉवेलाविना सलून बंद ठेवणे मला परवडणारे नव्हते. मोजणी तुमच्या दारात, दोघांच्या सह्यांनी होणार नसेल, तर तो करारनामा फाडून टाका.

सप्लाय कार्डातला फक्त पहिल्या महिन्याचा माल आला. हातमोज्यांच्या खोक्यावर १०० लिहिलेले आणि आत ८८. मानेच्या पट्टीचा कागद इतका पातळ की घाम लागताच त्याचा लगदा व्हायचा. जंतुनाशकाच्या पाच लिटरच्या डब्यावर उत्पादकाचा पत्ता नाही, बॅच क्रमांक नाही, घटकद्रव्य नाही, फक्त ‘हॉस्पिटल ग्रेड’ आणि ‘बादलीला एक झाकण’. ज्या द्रावणात काय आहे हे लिहिलेले नाही, ते किती पातळ करायचे आणि पृष्ठभागावर किती मिनिटे ठेवायचे हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि तेच तुम्ही लोकांची मान टेकते तिथे पुसत असता. खोकी उघडून मोजल्याशिवाय पावतीवर सही करू नये, आणि महिन्यापेक्षा जास्त मालाचे पैसे आगाऊ देऊ नयेत.

गणपतीच्या तोंडावर टेम्पो यायचा बंद झाला आणि फोन लागेनासा झाला. कुडाळच्या एमआयडीसीतला म्हणून सांगितलेला गाळा कुलूपबंद होता. पुढे रंगाच्या एका कंपनीच्या कार्यशाळेत देवगडकडच्या एक पार्लरवाल्या ताई भेटल्या. त्यांनाही त्याच माणसाने गाठले होते. त्यांनी पिशवीतून जो तपकिरी टॉवेल काढून दाखवला, त्याच्या कोपऱ्याला हिरवी फुली होती.

म्हणजे त्या माणसाने एकही टॉवेल विकत घेतला नव्हता. एकीचे टॉवेल काढून दुसरीला भाड्याने द्यायचे आणि दोघींकडून अनामत घ्यायची, एवढाच त्याचा धंदा. आता मी ड्रायर घेतला आहे आणि खर्च असा येतो : ४० टॉवेल म्हणजे साडेचार किलोची एक फेरी, साबण व जंतुनाशक १४ रुपये, मशीनची वीज व पाणी १८, ड्रायरची चार युनिटे माझ्या व्यावसायिक दराने ४८, एकूण ८० रुपये, म्हणजे टॉवेलमागे दोन रुपये. घड्या घालणे व मोजणे यासाठी तासाभराची मजुरी ६० रुपये, म्हणजे दीड रुपया. १३० रुपयांचा टॉवेल माझ्याकडे साधारण १५० धुण्यांत कामातून जातो, म्हणजे झीज ८७ पैसे. बेरीज ४ रुपये ३७ पैसे. यातून टॉवेलची झीज वजा करा, उरतात बरोबर साडेतीन रुपये, आणि त्यात टेम्पोचे डिझेल अजून धरलेलेच नाही. जो टॉवेल विकत घेतो आणि वाहूनही आणतो, त्याला हा दर परवडूच शकत नाही. भाड्याचा दर ऐकल्यावर ही बेरीज कागदावर मांडा आणि समोरच्याला विचारा की यातली कोणती रक्कम तो देत नाही.

आता ज्यांनी मदत करायची त्यांच्याविषयी. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “लेखी करार आहे का?” आहे म्हटल्यावर उत्तर आले की मग हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा. करार नसता तर पुरावा नाही म्हणून परत पाठवले असते, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. केवळ करार मोडणे ही फसवणूक होत नाही, सुरुवातीपासून लबाडीचा हेतू दिसावा लागतो, हे मलाही मान्य आहे; पण एकीचे टॉवेल दुसरीला भाड्याने दिलेले हातात धरून दाखवल्यावर हेतू आणखी कसा दिसायचा? टेबलापलीकडच्या गृहस्थांनी तो टॉवेल उचलून पाहिला आणि “बाई, टॉवेलासाठी एवढे?” असे विचारले. ते टॉवेल नव्हते, माझ्या पावसाळ्यातल्या तीन महिन्यांची कमाई होती. बँकेने सांगितले की पैसे तुम्हीच पाठवलेत, आम्ही काय करणार. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर सांगितले की तुम्ही व्यावसायिक आहात, ग्राहक नव्हे, आणि अर्ज न वाचताच परत सरकवला. वस्तुतः ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) मधल्या स्पष्टीकरणात लिहिलेले आहे की केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तूंचा वापर ‘व्यावसायिक प्रयोजन’ ठरत नाही. खिडकीतल्या माणसाला हे माहीत नसेल, तर तिथे बसवले कशाला? मी कलमाची प्रत जोडली, तेव्हा ‘साहेब रजेवर आहेत’ हे उत्तर तयार होते.

माझ्यासारखे कोणी अडकले असेल तर तोंडी सांगून परत येऊ नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ चा उल्लेख करून लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. ठाण्याने नोंद नाकारली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते आणि तिथेही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. माझी तक्रार अधीक्षकांकडे टपालाने गेली आहे. देवगडच्या ताईंनीही स्वतंत्र तक्रार केली आहे, आणि दोन्ही तक्रारींना त्या एकाच टॉवेलची छायाचित्रे जोडली आहेत.

माझे बाकीचे टॉवेल अजून कोणाच्या तरी दोऱ्यांवर वाळत असणार. गडद तपकिरी, ४० बाय ७०, कोपऱ्याला हिरव्या दोऱ्याची फुली. तुमच्या भाड्याच्या गठ्ठ्यात असा टॉवेल निघाला, तर गठ्ठा परत देऊ नका, छायाचित्र काढून ठेवा आणि त्या माणसाला पुढचा एक रुपयाही देऊ नका.