१३.२ व्होल्ट म्हणजे नक्की किती? लिथियम फॉस्फेट बॅटरीला व्होल्टमीटर की शंट मॉनिटर

घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी काढून १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बसवली की पहिला आठवडा मजेत जातो. ॲसिडचा वास नाही, डिस्टिल्ड वॉटर नाही. दुसऱ्या आठवड्यात प्रश्न पडतो: आत किती उरलंय हे बघायचं कशावर? इन्व्हर्टरच्या पॅनलवर व्होल्ट दिसतात आणि शेजारी चार दांड्या. त्यावर भागवायचं, की वेगळे पैसे घालून बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजणारा शंटवाला मॉनिटर घ्यायचा? मी दोन्ही वापरलं आहे. कोणाकडे माझा ओढा आहे ते पुढे कळेलच.

मी कुडाळजवळ राहतो. पावसात लाईट जाणं आमच्याकडे काही बातमी नाही. गणपतीच्या दिवसांत एकदा सलग तीन दिवस लाईटचा खेळ चालला होता. चार तास जायची, पाऊण तास यायची, परत जायची. तिसऱ्या संध्याकाळी भजनाला माणसं जमली तेव्हा लाईट नुकतीच जाऊन तासभर झाला होता आणि त्या तासात इन्व्हर्टर मी मुद्दाम बंद ठेवला होता. बॅटरीवर मल्टीमीटर लावला. १३.२ व्होल्ट. नेटवरून उतरवून भिंतीला चिकटवलेला तक्ता सांगत होता, १३.२ म्हणजे ७० टक्के. पंखे, दिवे आणि साउंडचा छोटा अ‍ॅम्प मिळून साधारण अडीचशे वॉट. इन्व्हर्टरचा तोटा धरून बॅटरीतून २३ अँपिअर जाणार, म्हणजे ७० अँपिअर-अवर तीन तास पुरायला हवेत. मी छातीठोकपणे सगळ्यांना सांगितलं, आरतीपर्यंत काळजी नाही. दीड तास पुरता व्हायच्या आत इन्व्हर्टरने शिटी मारली आणि अंधार. आरती समईच्या उजेडात झाली, त्यात वाईट काही नाही. पण माझं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

उलट हिशेब केला तर दीड तासात जेमतेम ३५ अँपिअर-अवर निघाले होते. म्हणजे ७० टक्के दाखवणारी बॅटरी खरी ३५ टक्क्यांवर होती. मल्टीमीटर चांगला होता, वाचनही बरोबर होतं. चुकला होता तो तक्ता, आणि असा कुठलाही तक्ता चुकेल असंच मला आता वाटतं.

ट्यूब्युलरसारख्या शिशाच्या बॅटरीत ॲसिड स्वतःच रासायनिक क्रियेत भाग घेतं. बॅटरी उतरते तसं ॲसिड पातळ होतं आणि व्होल्टेज त्याच्यामागे उतरतं: भरलेली १२.७, अर्धी १२.२, पाव १२ च्या आसपास. म्हणून आपल्याला सवय लागली की व्होल्ट बघितले की अंदाज येतो. लिथियम फॉस्फेटच्या धन बाजूला तसं नसतं. तिथे लिथियम भरलेला भाग आणि लिथियम निघून गेलेला भाग असे दोन्ही शेजारी शेजारी असतात आणि बॅटरी वापरताना फक्त त्यांचं प्रमाण बदलतं. पातेल्यात बर्फ आणि पाणी एकत्र ठेवा. बर्फ पाऊण असो की पाव, तापमान शून्यच. थर्मामीटर बघून बर्फ किती उरला ते कोण सांगेल? इथे व्होल्टमीटर म्हणजे तोच थर्मामीटर. मधल्या पट्ट्यात जो थोडा चढ-उतार दिसतो तो ऋण बाजूच्या ग्रॅफाइटमुळे. त्यात लिथियम टप्प्याटप्प्याने भरतं, म्हणून साठ-सत्तर टक्क्यांजवळ एक छोटीशी पायरी लागते. पायरीच्या वर सेलमागे ३.३३ व्होल्टच्या आसपास, खाली ३.२९-३.३०. चार सेलच्या बॅटरीला ही पायरी फार तर दीड दशांश व्होल्टची, आणि तिच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सपाट माळरान.

आता तक्ता बघा. १३.२ ला ७० टक्के आणि १३.१ ला ४० टक्के. एक दशांश व्होल्टमध्ये ३० टक्के! साध्या मीटरची अचूकता अर्धा टक्का धरली तरी १३.२ वर ०.०७ व्होल्ट इकडेतिकडे होणारच. पॅनलवरचा आकडा तर दशांशापुढे दाखवतच नाही.

पण इथवरचं सगळं चांगला मीटर घेऊन निभावता आलं असतं. मला खरा वैताग आणला तो पुढच्या गोष्टीने. या बॅटरीला आपण कुठून आलो ते लक्षात राहतं. चार्ज होत होत ५० टक्क्यांवर आलेली बॅटरी आणि उतरत उतरत ५० वर आलेली बॅटरी, दोघींना रात्रभर शांत ठेवलं तरी त्यांचे व्होल्ट जुळत नाहीत. धन बाजूचे बारीक कण एकदम नव्हे तर एकामागून एक भरतात आणि रिकामे होतात. प्रत्येकाला आत जाताना एक छोटा उंबरठा लागतो, बाहेर येतानाही लागतो. त्यामुळे चार्जची वाट थोडी वरून जाते, वापराची थोडी खालून.

नंतर शंट आल्यावर मी हे घरी करून पाहिलं. बॅटरी ३० वरून ५० पर्यंत भरली, सगळ्या वायरी सोडवल्या आणि बारा तासांनी वाचलं: १३.२१. मग पूर्ण भरली, उतरवून ५० वर आणली, पुन्हा बारा तास: १३.१७. मीटर तोच, जागा तीच. फरक फक्त ०.०४ व्होल्टचा, पण उतरतीच्या वाटेवर १३.२१ मला साठीच्या पुढे कधीतरी दिसायचे. म्हणजे नुसत्या येण्याच्या दिशेमुळे दहा-बारा टक्क्यांची फेकाफेक. हे माझ्या एका बॅटरीचं, फार ताणू नका.

गणपतीत हेच झालं होतं. दर वेळी लाईट यायची पाऊण तास, चार्जर दहा अँपिअर ढकलायचा, म्हणजे पोटात जायचे जेमतेम सात अँपिअर-अवर. पण चार्जिंग चालू असताना व्होल्टेज साडेतेराच्या घरात, चारही दांड्या भरलेल्या. लाईट गेल्यावर ते हळूहळू खाली बसतं, आणि तासाभराची विश्रांती त्याला पुरत नाही. कित्येक तास लागतात. तेवढी विश्रांती घरच्या बॅटरीला मिळते कधी? इन्व्हर्टर नुसता चालू असला तरी अर्धा-एक अँपिअर खात असतो. ‘रेस्टिंग व्होल्टेज’ हा शब्द वर्कशॉपमधल्या टेबलावर ठीक आहे.

शंट मॉनिटर व्होल्टच्या वाटेला फारसा जातच नाही. ऋण वायरीत एक ठरावीक, अगदी कमी रोधाची पट्टी बसते. तिच्यावरच्या मिलिव्होल्टवरून येणारा-जाणारा करंट मोजतात आणि जमाखर्च मांडतात. वाण्याच्या वहीसारखं. वही चुकते ती दोन कारणांनी, आणि दोन्ही चुका मी केल्या आहेत.

एक, नोंद न झालेली उधारी. माझ्या राउटरची ऋण वायर मी आळसाने थेट बॅटरीच्या टर्मिनलला लावली होती, शंटच्या पलीकडे. राउटर ०.६ अँपिअर घेतो, दिवसाला १४ अँपिअर-अवर. वहीत एक पैसा नाही. लक्षात आलं ते असं की मॉनिटर १०० दाखवत होता आणि चार्जरचा करंट थांबायचं नाव घेत नव्हता. बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर शंटशिवाय दुसरी कुठलीही वायर नको, एवढं पाळलं की हे संपतं.

दुसरी, वही कधी बंद करून नव्याने मांडायची ती वेळ. मॉनिटर पूर्ण चार्ज ओळखून स्वतःला १०० वर आणतो, पण कारखान्यातून येणाऱ्या सेटिंग बऱ्याचदा शिशाच्या बॅटरीच्या असतात. माझ्यात ‘भरली’ समजायचं व्होल्टेज १३.२ होतं! म्हणजे चार्जिंग मंदावलं की तो निम्म्या बॅटरीलाही १०० म्हणून मोकळा. मी १४.२ व्होल्ट, करंट ४ अँपिअरच्या खाली, सलग तीन मिनिटं, आणि चार्जिंगची कार्यक्षमता ९९ टक्के असं ठेवलं. शिवाय इन्व्हर्टरचा चार्जर लिथियम मोडवर टाकला, नाहीतर तो १४.२ पर्यंत पोचतच नाही आणि वही कधी बंदच होत नाही. तरीही दोन-तीन आठवडे पूर्ण चार्ज झाला नाही तर आकडा सरकतो. आमच्या जुलैत हे होतं. मग मी एक दिवस लाईट असेल तेव्हा मुद्दाम पूर्ण भरून घेतो.

बॅटरीच्या आतच सेलवर देखरेख करणारं बीएमएस सर्किट असतं, त्याच्या ॲपमधली टक्केवारी फुकट मिळते आणि तीही करंट मोजूनच काढलेली असते. माझ्या बीएमएसला मात्र अर्ध्या अँपिअरच्या खालचा करंट दिसत नाही, त्यामुळे त्याहून किरकोळ खर्चावर तो आंधळा आहे. सेलचे वेगवेगळे व्होल्ट बघायला मला तो आवडतो.

छतावर पुरेसं सोलर असेल, बॅटरी रोज दुपारी भरत असेल आणि रात्रीचा वापर ठरलेला असेल, तर शंटवर पैसे घालायची गरज तुम्हाला कदाचित भासणार नाही. टोकांना व्होल्टेज खरं बोलतं. स्थिर ठेवलेल्या बॅटरीचे १२.८ च्या खाली आले की दहा-पंधरा टक्के उरले समजा, आणि तिथून घसरगुंडी. वरच्या टोकाला १४ च्या पुढे उडी मारली की भरत आली. ट्यूब्युलरवरून आलेले लोक भरल्यानंतर १३.४ बघून घाबरतात, त्याचं काही कारण नाही.

पण लाईट अर्धवट येते-जाते, बॅटरी मधेच कुठेतरी लोंबकळत राहते आणि रात्रीचं गणित तुम्हाला मांडायचं असतं, अशा घरात निदान मी तरी पुन्हा नुसत्या व्होल्टवर विसंबणार नाही. गेल्या गणपतीत भजन सुरू व्हायच्या आधी शंटने ४१ दाखवले. अ‍ॅम्प चालू ठेवला, दोन पंखे बंद केले, आरतीनंतर ९ उरले होते. व्होल्टमीटर काढलेला नाही. लोड चालू असताना १२.५ ला त्याचा बझर वाजतो, तेवढ्यासाठी तो तिथेच आहे. भिंतीवरचा तक्ता मात्र काढला.