मिक्सरखाली प्रश्नोत्तरं लावून सात महिने झाले, त्याचा अनुभव

बेळगावच्या शहापुरात आमचं मिक्सर आणि गॅस शेगड्यांचं दुकान आहे. आमच्या वेबसाइटवर सगळ्यात जास्त खपणारा माल म्हणजे ७५० वॅटचा मिक्सर. सात महिन्यांपूर्वी त्याच्या लिस्टिंगखाली सहा प्रश्नोत्तरं लावली. रोजचे तेच ते फोन कमी व्हावेत, एवढाच हेतू होता. फोन कमी झाले, पण पहिले दोन महिने काहीच फरक पडला नव्हता.

चूक माझीच. उत्तरं मी कंपनीच्या पुस्तिकेतून उतरवली होती: 'उत्पादनातील दोषांसाठी दोन वर्षे वॉरंटी, अटी लागू.' लोक हे वाचायचे आणि तरीही फोन करायचे, "ते राहू दे ओ, गॅरंटी हाय का नाही तेवढं सांगा." आपल्याकडे गॅरंटी म्हणजे बिघडला की नवा द्यायचा. मग उत्तर बदललं: 'दोन वर्षांत मोटर जळली तर कंपनी फुकट दुरुस्त करून देते, नवा मिक्सर देत नाही. रबर, कपलर आणि पातं झिजलं तर पैसे पडतात. दोन वर्षं बिलावरच्या तारखेपासून मोजायची. बिल बेळगावचं असलं तरी कोल्हापूरच्या सर्व्हिस सेंटरात चालतं.' शेवटचं वाक्य महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजच्या लोकांसाठी. माल दुसऱ्या राज्यात जातो म्हणून त्यांच्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटीऐवजी आयजीएसटी दिसतो आणि जादा टॅक्स लावला की काय, असं त्यांना वाटतं. एकूण १८ टक्केच, हेही तिथंच लिहून टाकलं.

सगळ्यात महागात पडलं ते डिलिव्हरीचं उत्तर. 'तीन ते पाच दिवसांत घरपोच' असं सरसकट लिहिलं होतं. जुलैत कणकुंबीहून एक ऑर्डर आली. कुरिअरच्या साइटवर पिनकोड चालत होता, म्हणून मी निश्चिंत. पार्सल खानापूरपर्यंत दुसऱ्या दिवशी गेलं आणि तिथंच पडून राहिलं, कारण तिकडच्या फेऱ्या पावसात आठवड्यातून एखादीच. मिक्सर अकराव्या दिवशी पोचला आणि गिऱ्हाइकानं परत पाठवतो म्हणून सांगितलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सांगितलेल्या मुदतीनंतर माल पोचला तर तो परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. आवाक्याबाहेरची आपत्ती असेल तर सूट आहे. पण कणकुंबीला जुलैत पाऊस पडतो हे ठाऊक नव्हतं, असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार? जाण्यायेण्याचं भाडं आमच्या अंगावर पडलं.

त्यानंतर उत्तर गावागणिक केलं. बेळगाव शहर दोन दिवस. निपाणी, खानापूर गाव तीन ते चार. जांबोटी-कणकुंबीकडं जून ते सप्टेंबर दहा ते बारा दिवस, नाहीतर खानापूरला येऊन घेऊन जा. चंदगड पाच दिवस, आणि शेजारीच सोप्या भाषेत कारण: गाडी काढली तर चंदगड तासा-दीड तासाचं, पण पार्सल आधी कोल्हापूरला जातं आणि मग मागं येतं. हे कारण लिहिल्यावर 'इतक्या जवळ एवढे दिवस का?' हा फोन जवळपास थांबला. दहा-बारा दिवस वाचून कोणी मागणी सोडली असेलही. ती गेलेली बरी.

परतीच्या उत्तरात 'सात दिवसांत परत' एवढंच होतं. एका मावशींनी सहाव्या दिवशी मिक्सर पाठवला. झाकणाच्या रबराला हळदीचा पिवळा डाग, तक्रार 'जळका वास येतो'. नवी मोटर पहिल्या एक-दोन वेळा तापली की वाइंडिंगवरच्या वार्निशचा वास येतो, तो बिघाड नव्हे. हे आता परतीच्या उत्तरातच लिहिलंय, आणि 'मध्येच बंद पडला तर तळाचं लाल बटण दाबून बघा' हेही. जास्त भार पडला की ते सुटतं. फुटका माल निघाला तर भाडं आमचं, मन बदललं तर तुमचं. मन बदलायचं तर जार न वापरलेला हवा.

हे सगळं झाकल्या पट्ट्यांत होतं. वयस्कर गिऱ्हाइकं त्यावर दाबतच नाहीत, हे मुलानं दाखवलं. म्हणून डिलिव्हरीची पट्टी `<details open>` करून पहिल्यापासून उघडी ठेवली. गूगलच्या शोधात ही उत्तरं दिसतील या आशेवर कुणी राहू नये. ऑगस्ट २०२३ मध्येच गूगलनं ती सोय नावाजलेल्या सरकारी आणि आरोग्याच्या साइटपुरती मर्यादित केली.

एक दुखणं अजून आहे. शेजाऱ्यांनी उत्तरं कन्नडमध्येही लिहून दिली होती. डिलिव्हरीचे दिवस मी मराठीत बदलले आणि कन्नडातले विसरलो. गेल्या महिन्यात जांबोटीच्या एका काकांनी दोन्ही पानांचे फोटो पाठवून विचारलं, यातलं खरं कुठलं? जास्त दिवसांचं खरं होतं, पण कमी दिवसांचंही मीच लिहिलेलं होतं. त्यांचं पार्सल मी स्वतः मोटारसायकलवर नेऊन दिलं.