सगळ्या शेडवर एकच बॅच नंबर होता, आणि मी रंग लावत बसले

पार्लरवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून माल घेणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय. नाव सांगणार नाही, कारण अजून त्या गिऱ्हाईकांकडे जाते-येते.

प्रोफेशनल हेअर कलरच्या ४८ ट्यूब, १८० रुपयांना एक. डेव्हलपरच्या एक लिटरच्या १० बाटल्या, ३१० ला एक. एकूण ११,७४०, तेही आधी यूपीआयने. आमचा डिस्ट्रिब्युटर ट्यूबला २६५ घेतो, म्हणून मोह झाला. कोणी हसू नका. लगीनसराईच्या तोंडावर डिस्ट्रिब्युटरकडे चार नंबरची शेड नव्हती, आणि ग्रुपवरच्या चार जणींनी ‘मस्त माल’ असं लिहिलं होतं. जीएसटी बिल मागितलं तर ग्रुपवरचा विकणारा म्हणाला, “ताई, बिल हवं तर रेट वाढेल.” कच्ची चिठ्ठी घेतली.

पेटी उघडली तेव्हा वरच्या थरातल्या खोक्यांवर बॅच नंबरची जागा पुसलेली होती. थिनरने घासल्यासारखा पांढरट पट्टा. तो माल बहुधा खराच होता. कुठल्यातरी डिस्ट्रिब्युटरच्या कोट्यातून मागच्या दाराने बाहेर पडलेला. बॅचवरून कंपनीला कोणाचा माल ते कळतं, म्हणून नंबर आधी जातो. सुरुवातीच्या ट्यूब वापरल्या, रंग व्यवस्थित चढला. त्यानेच माझा विश्वास बसला.

खालच्या थरात मात्र सगळं छापलेलं होतं, आणि इथेच माझं डोकं चालायला हवं होतं. ट्यूबच्या शेपटाला, जिथे अ‍ॅल्युमिनियम दुमडून दाबलेलं असतं, तिथे बॅच नंबर ठोकलेला असतो. तीन नंबर, चार नंबर, पाच पॉइंट तीन, सगळ्यांवर एकच नंबर! अहो, प्रत्येक शेडचं मिश्रण वेगळं बनतं, मग बॅच एक कशी असेल? मी तो नंबर पाहिला होता, हाताने चाचपला होता. समोर दोन गिऱ्हाईकं बसलेली, फोन वाजतोय, अशा वेळी कोण जुळवत बसतं?

त्याच ट्यूबने एका वहिनींचा रूट टचअप केला. पस्तीस मिनिटांनी धुतलं तर पांढरे केस नुसते पिवळट. त्यांच्या घरी दोन दिवसांनी साखरपुडा. मी २,२०० परत दिले, डिस्ट्रिब्युटरच्या मालाने पुन्हा फुकट करून दिलं, तरी गूगलवर एक स्टार आणि फोटो पडलाच. त्या रात्री ब्रशमध्ये अडकलेल्या पांढऱ्या केसांच्या बटा बांधल्या, डेव्हलपर जुना ठेवला आणि एकीला जुनी ट्यूब, दुसरीला ही नवी लावली. फरक आंधळ्यालाही दिसला असता. नवीन ठिकाणचा माल आला की ही बटांची परीक्षा आधी करा, माणसाच्या डोक्यावर नंतर.

आता तक्रारीचं ऐका. चौकीवर साहेब म्हणाले, “माल मिळालाय ना? मग फसवणूक कसली, हा व्यवहाराचा वाद.” सायबरवाल्यांनी तेच सांगितलं. सौंदर्यप्रसाधनांचं खातं ज्यांच्याकडे, त्या ऑफिसात गेले तर पहिला प्रश्न बिलाचा. दुसऱ्या वेळी साहेब मीटिंगला, तिसऱ्या वेळी “अर्ज आवक विभागात द्या”. कायद्यात विकत घेतलेलं प्रसाधन फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देता येतं, हे मीच तिथल्या बाईंना सांगितलं, तर त्या माझ्याकडेच बघत बसल्या. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलेला माल, समोरचा आधी तोच मुद्दा काढेल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी पार्लर चालवते हे तुम्हाला पटवून द्यावं लागेल. कंपनी म्हणते, आमच्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतलं नाही, आमचा संबंध नाही. मग नावाची नक्कल कोणाची झाली, माझ्या पार्लरची?

डेव्हलपरच्या दोन बाटल्या कपाटात आपोआप फुगल्या. पेरॉक्साइडमध्ये घाण गेली की ते फुटून ऑक्सिजन सुटतो. न धुतलेल्या जुन्या बाटलीत भरलं की हेच होतं. त्या बाटल्या कुठून येतात? तुमच्या-माझ्या भंगारातून. रिकामी बाटली देण्याआधी तळाला भोक पाडा, लेबल फाडा.

मी आता ट्यूब गिऱ्हाईकासमोरच फोडते, तोंडावरची पातळ पत्रा-सील दाखवते आणि बॅच नंबर तिच्या कार्डावर लिहिते. उद्या कोणी बोललंच तर हातात काहीतरी असतं. आणि बिल नाही तर माल नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना.

परवा त्याच ग्रुपवर नव्या नंबरवरून ‘फ्रेश स्टॉक’ आला. मी खाली लिहिलं, “चार वेगळ्या शेडच्या ट्यूबची शेपटं दाखवणारा एक फोटो टाका.” दहा मिनिटांत अ‍ॅडमिनने मला काढून टाकलं.