‘सगळा डेटा मिळाला’ अशी सही देण्याआधी ती डिस्क इंटरनेट बंद करून उघडा

देवगड तालुक्यात आमच्या मामाची हापूसची कलमं आणि घरचाच पेट्या पाठवायचा धंदा. गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचं, थोडा माल निर्यातदारांमार्फत बाहेर. बरीच वर्षं आमच्या डोमेनवर गुगल वर्कस्पेसची पाच खाती होती: मामाचं, मामीचं हिशेबाचं, ऑर्डरींचं, आणि कामावर असलेल्या दोन मुलांची. मुलं सोडून गेली, तरी खाती चालूच. धंदा खरा मार्च ते मे, आणि बिल मात्र बारा महिने पाच माणसांचं. म्हणून पावसाळ्यात मामाने ठरवलं की हे पॅकेज बंद करायचं, साध्या होस्टिंगवर ईमेल न्यायचं आणि फाइली घरी ठेवायच्या.

हे पॅकेज आम्ही जिल्ह्यातल्याच एका कॉम्प्युटरवाल्याकडून घेतलं होतं. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. बंद करायचं म्हटल्यावर तोच म्हणाला, “मेल नव्या सर्व्हरवर हलवतो, फाइली हार्ड डिस्कवर देतो, मग सबस्क्रिप्शन बंद करतो. अठरा हजार.” मामाने दिले.

डिस्क द्यायला तो घरी आला तेव्हा मी तिथेच होतो. आमच्याच कॉम्प्युटरला डिस्क जोडली. फोल्डर जसेच्या तसे होते: वर्षवार बुकिंग, खत-फवारणी, निर्यात, बँक. मामाने विचारलं, “सगळा गावला मां रे?” त्याने ‘बुकिंग’ फोल्डरातल्या एका शीटवर डबल क्लिक केलं. ब्राउझर उघडला, शीट उघडली, गिऱ्हाइकांची नावं, पेट्या, आगाऊ रक्कम, सगळं समोर. आणखी दोन-तीन उघडून दाखवल्या. मग छापील कागद पुढे केला, ‘सर्व डेटा तपासून मिळाला’. मामाने सही केली.

खेळ इथेच होता. त्या डिस्कवर शीट नव्हतीच. गुगल ड्राइव्ह कॉम्प्युटरवर जोडलेला असतो तेव्हा गुगलच्या शीट आणि डॉक्युमेंट तिथे `.gsheet` आणि `.gdoc` अशा नावांनी दिसतात. ही फाइल म्हणजे नुसता पत्ता असतो. फोल्डर उचलून डिस्कवर टाकला की पत्ताच कॉपी होतो, मजकूर गुगलकडेच राहतो. त्या दिवशी शीट उघडली कारण आमच्या ब्राउझरमध्ये ऑर्डरींचं खातं लॉगिन होतं, आणि ते खातं अजून जिवंत होतं. पेटीवर नाव-पत्ता बरोबर आणि आत नुसतं गवत, असा तो माल. यातली एखादी फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर आत असं काहीसं दिसतं (आमचे तपशील बदलले आहेत):

```
{"doc_id":"1AbC...","resource_key":"","email":"orders@example.in"}
```

फाइलीचा एक ओळख क्रमांक आणि एक ईमेल. नाव नाही, पेटी नाही, रुपया नाही. ओळखायचं तर एक्सप्लोररमध्ये साइझचा रकाना बघायचा. वर्षभराच्या बुकिंगची शीट 1 केबीची असूच शकत नाही. आमच्या डिस्कवर पीडीएफ, फोटो आणि मुळात एक्सेलमध्ये बनवून चढवलेल्या फाइली खऱ्या होत्या, त्यामुळे डिस्क भरलेली वाटत होती. कामाचं सगळं मात्र गुगल शीटमध्ये.

काही दिवसांनी मामीला जुन्या गिऱ्हाइकाचा पत्ता हवा होता. डबल क्लिक केल्यावर ‘अशी फाइल अस्तित्वात नाही’ असा निरोप आला. दुसरी उघडली, तोच निरोप. कॉम्प्युटरवाल्याला फोन केला तर म्हणाला, “सर्व्हरवरून गेलं असेल. रिकव्हरी करावी लागेल. मोठं काम आहे, पंचेचाळीस हजार होतील. आणि सही तर तुमचीच आहे.”

आता हे ‘मोठं काम’ काय असतं, ते सांगतो, कारण इथेच बहुतेकांच्या खिशाला हात घातला जातो. त्याने सबस्क्रिप्शन बंद केलंच नव्हतं. त्याने खाती डिलीट केली होती, मामाचं सोडून. वर्कस्पेसमध्ये खातं डिलीट केलं की त्याचा मेल जातो आणि त्याच्या मालकीच्या ड्राइव्हमधल्या फाइलीही जातात, मग त्या दहा जणांशी शेअर केलेल्या का असेनात. शेअर करणं म्हणजे नुसती बघायची-लिहायची परवानगी. फाइल राहते मालकाच्या खात्यात. डिलीट करताना समोर विचारलं जातं की या माणसाच्या फाइली दुसऱ्या कुणाच्या नावे करायच्या का. त्याने तिथे कुणाचंही नाव दिलं नाही.

पण डिलीट झालेलं खातं 20 दिवसांपर्यंत परत आणता येतं. अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये युजरच्या यादीत `Recently deleted` असा फिल्टर लावायचा, खातं निवडायचं, `Recover` दाबायचं. एक लायसन्स मोकळं लागतं, बाकी काही नाही. मेल आणि फाइली परत येतात. या कामाला पंचेचाळीस हजार. आणि 20 दिवस उलटले की मग कुणी कितीही पैसे घेतले तरी ते खातं परत येत नाही, म्हणून ‘बघतो, करतो’ म्हणत दिवस ढकलणारा माणूस जास्त धोक्याचा.

अडचण अशी की हे बटण फक्त सगळ्या खात्यांचा ताबा असलेल्या सुपर अ‍ॅडमिनला दिसतं, आणि सुपर अ‍ॅडमिनचा पासवर्ड त्याच्याकडे. आम्हाला वाचवलं एका गोष्टीने. डोमेन मामाच्या नावावर होतं आणि त्याचं लॉगिन मामाच्या मोबाइल नंबरवर. अ‍ॅडमिनचा पासवर्ड हरवला तर डोमेन आपलंच आहे हे गुगलला दाखवून खातं ताब्यात घेता येतं. त्यासाठी डोमेनच्या नोंदी जिथे असतात त्या डीएनएसमध्ये गुगल सांगेल ती CNAME नावाची नोंद टाकावी लागते. हे माझ्या मामेभावाने मुंबईहून केलं. इकडे पावसात वीज आणि नेट दोन्हीचा भरवसा नाही. आत गेल्यावर त्याने आधी कॉम्प्युटरवाल्याचे अ‍ॅडमिन अधिकार काढले आणि मगच खाती परत आणली. हा क्रम महत्त्वाचा, नाहीतर आपण परत आणतोय तोवर पलीकडून कुणी पुन्हा पुसू शकतो.

ऑर्डरींचं आणि हिशेबाचं खातं परत आलं. बुकिंगच्या शीट बहुतेक ऑर्डरींच्याच मालकीच्या होत्या, त्या मिळाल्या. निर्यातीचं काम बघणाऱ्या मुलाचं खातं मात्र यादीतच नव्हतं. तेव्हा कन्सोलमधली अ‍ॅडमिनच्या कामांची नोंदवही उघडली. त्यात कुठलं खातं कुणी, कोणत्या तारखेला, किती वाजता डिलीट केलं ते सगळं असतं, आणि ही नोंद सहा महिने टिकते. ते खातं त्याने डिस्क द्यायच्या कितीतरी आधी, वसंतातच उडवलं होतं, मे महिन्याच्या गडबडीत कुणाच्या लक्षातही आलं नाही. बिल मात्र आम्ही पुढेही पाच जणांचंच भरत होतो. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर मामाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घेतली होती. त्याचा सगळा पत्रव्यवहार आणि निर्यातदारांच्या मेल त्याच खात्यात. प्रमाणपत्राची छापील प्रत घरी आहे, पत्रं गेली.

मेलमध्येही हात मारलेलाच होता, फक्त वेगळ्या पद्धतीने. नव्या होस्टिंगवर त्याने आयमॅप या मेल उतरवायच्या पद्धतीने फक्त इनबॉक्स उतरवला होता. जीमेलमध्ये आपण मेल आर्काइव्ह करतो, किंवा फिल्टर लावून ‘बँक’, ‘निर्यातदार’ अशा लेबलात थेट पाठवतो, तेव्हा तो मेल इनबॉक्समधून निघतो आणि फक्त त्या लेबलात आणि `All Mail` मध्ये राहतो. म्हणजे जितका नीटनेटका माणूस, तितका त्याचा मेल मागे राहिला. मामीचं खातं सगळ्यात व्यवस्थित, तिच्याच नव्या पेटीत सगळ्यात कमी मेल. हे ताडायला `All Mail` उघडून वर उजवीकडे दिसणारा एकूण आकडा बघायचा आणि नव्या ठिकाणच्या सगळ्या फोल्डरांची बेरीज करायची. जीमेल तिथे कधी एकेक मेल मोजतं, कधी मेल आणि त्याच्या उत्तरांची अख्खी साखळी एकच धरतं, त्यामुळे आकडा तंतोतंत जुळणार नाही. पण निम्म्याहून कमी असेल तर विचारायलाच हवं. शिवाय आयमॅपने फक्त मेल जातो. संपर्क आणि कॅलेंडर वेगळे उतरवावे लागतात, ते त्याने केलेच नव्हते.

मग आम्ही सगळं पुन्हा केलं, यावेळी प्रत्येक खात्यात स्वतः लॉगिन करून. takeout.google.com वर मेल, संपर्क, कॅलेंडर आणि ड्राइव्ह निवडलं. तिथून ड्राइव्ह उतरवलं की गुगल शीट खऱ्या एक्सेल फाइली होऊन येतात आणि डॉक्युमेंट वर्डच्या. मेल एका mbox फाइलीत येतो, तो थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये वाचता येतो. तयार झालेली झिप लगेच उतरवून घ्यावी, लिंक आठवडाभरच चालते. आणि दुसऱ्याने आपल्याशी शेअर केलेल्या फाइली यात येत नाहीत, म्हणून एका खात्यातून काढलं की सगळं आलं असं समजू नये. आम्ही राहिलेल्या दुसऱ्या मुलाचं खातंही परत आणलं होतं. त्याचा पासवर्ड बदलून त्यातूनही काढलं. खत-फवारणीच्या सगळ्या नोंदी त्याच्या मालकीच्या निघाल्या.

तपासणी मामीच्या जुन्या लॅपटॉपवर केली. त्यावर आमचं एकही खातं कधी उघडलेलं नाही. राउटर बंद केला, डिस्क जोडली, आणि प्रत्येक फोल्डरातली सर्वात मोठी, सर्वात जुनी आणि सर्वात नवी फाइल उघडून शेवटच्या ओळीपर्यंत खाली गेलो. कॉम्प्युटरवाल्याने दाखवलं त्या दिवशी राउटरची वायर काढली असती, तर त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागलं असतं.

मेल कुठे पोचवायचा ते सांगणारी डोमेनची MX नोंद नव्या सर्व्हरकडे वळवल्यानंतरही जुनी खाती आम्ही लगेच बंद केली नाहीत. काही सर्व्हर जुनी नोंद थोडा वेळ धरून ठेवतात आणि मेल जुन्याच पेटीत टाकतात. शिवाय बँक आणि जीएसटीच्या लॉगिनला कुठला ईमेल दिलाय, ते एकेक करून बदलायचं होतं. एक महिन्याचं जास्तीचं बिल भरलं. पंचेचाळीस हजारांपुढे ते काहीच नव्हतं.

पोलीस ठाण्यात आधी ‘हा व्यवहारातला वाद’ म्हणून परत पाठवलं. नोंदवहीतल्या तारखा आणि पाच जणांची बिलं शेजारी ठेवून दाखवली तेव्हा अर्ज घेतला. ग्राहक आयोगात जायचं असेल तर एक अडचण माहीत असू द्या: धंद्यासाठी घेतलेली सेवा बहुतेक वेळा ‘ग्राहक’ या व्याख्येत बसत नाही, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतली असेल तर बसते. वकिलाचं म्हणणं आहे की घरच्या बागेचा धंदा म्हणून मामाचं बसेल. कॉम्प्युटरवाल्याने मध्येच निरोप धाडला, अठरा हजारांतले नऊ परत देतो, अर्ज मागे घ्या. मामाने नाही म्हटलं.