टीव्हीजवळ लटकवलेला एक कागद, आठ महिने वापरल्यावर

आमचं घर खानापूर तालुक्यात, मी कामाला बेळगावात उद्यमबागेत, घरी अप्पा, आई आणि आज्जी. टीव्ही बंद पडला की फोन मलाच, मग "कुठला दिवा लागलाय, कुठलं बटण दाबलंस" यातच अर्धा तास. गेल्या जूनमध्ये चार दिवस टीव्ही बंद होता, पाऊस लागलाय म्हणून असेल असं समजून सगळे गप्प बसले, शेवटी एकाला बोलावलं, त्यानं टीव्हीचा सोर्स बदलून HDMI 1 वर आणला आणि तीनशे रुपये घेऊन गेला. त्या रविवारी गावी जाऊन, टीव्ही बंद पडला तर काय काय क्रमानं बघायचं, याचा हा कागद मी लिहिला.

पहिला कागद चुकला हे आधी सांगतो. दोन्ही बाजूंनी भरून लिहिला होता, वायरी कशा काढायच्या ते सगळं, आणि अप्पांनी वाचून सगळ्यात आधी वायरच उपटली. दुसऱ्यांदा एकच बाजू घेतली, मोठं अक्षर, लॅमिनेशन करून स्टँडच्या खिळ्याला दोऱ्यानं बांधला. वायरीला हात सगळ्यात शेवटी, हे वर ठळक लिहिलं.

कागदावर पहिला प्रश्न दिव्यांचा, टीव्हीचा आणि सेट-टॉप बॉक्सचा दिवा लागलाय काय. दोन्ही नाहीत तर करंट किंवा बोर्डावरचं बटण बघायचं, एकच नाही तर त्याचा प्लग. दुसरा रिमोट. आमच्याकडं दोन रिमोट सारखेच काळे, म्हणून टीव्हीच्या रिमोटला लाल टेप आणि बॉक्सच्या रिमोटला हिरवी लावली, कागदावरही "लाल", "हिरवा" असंच लिहिलं. रिमोटवर शंका आली तर मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू करून रिमोटचं तोंड त्याच्याकडं धरायचं नि बटण दाबायचं, स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला तर सेल ठीक आहेत. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याच फोनवर तो दिसत नाही, म्हणून सेल्फीचाच.

तिसरा प्रश्न म्हणजे या कागदाचा जीव. हिरव्या रिमोटचं मेनूचं बटण दाबा, पडद्यावर बॉक्सचा मेनू आला काय? मेनू आला म्हणजे टीव्ही, बॉक्स आणि मधली वायर तिन्ही चांगली, लाल रिमोटला हातच लावायचा नाही, भानगड डिशच्या छत्रीच्या बाजूला किंवा रिचार्जमध्ये. मेनू आला नाही नि टीव्ही नुसता No Signal दाखवतोय म्हणजे बॉक्सचं चित्र टीव्हीपर्यंत पोचतच नाही, त्याचा पावसाशी काही संबंध नाही. जूनमध्ये हेच झालं होतं आणि चार दिवस आम्ही आभाळाकडं बघत बसलो.

मेनू नाही आला तर क्रम असा: लाल रिमोटनं सोर्स HDMI 1, नाही जमलं तर बॉक्सचा प्लग काढून एक मिनिट थांबायचं, परत लावून पाच मिनिटं काहीच दाबायचं नाही. हे "पाच मिनिटं" मी नंतर वाढवलं कारण बॉक्स चालू होत असतानाच आई परत बंद करायची, त्याला सावरायला वेळच मिळायचा नाही. त्यानंतरही नाही तर दोन्ही बंद करून HDMI ची पिन दोन्ही टोकांना दाबून बघायची.

मेनू आला तर पहिलं बाहेर बघायचं. आमच्याकडं जुलैत पाऊस धो धो लागतो, जाड ढग नि पावसाची धार छत्रीकडं येणारा सिग्नल अडवतात, पाऊस ओसरला की आपोआप येतो, गच्चीवर चढायचं नाही. ऑगस्टमध्ये संध्याकाळी सातला आज्जीची मालिका गेली, अप्पांनी फोन केलाच नाही, कागद बघून मेनू दाबला, आला, बाहेर धार लागलेली, थांबले, पावणेआठला चित्र परत. पाऊस नसेल तर एकच चॅनल गेलंय की सगळी? एकच असेल तर पॅकमधून निघालं असेल, सगळी असतील तर रिचार्ज, मग बॉक्समागची छत्रीची पिन बॉक्स बंद करून हातानं घट्ट करायची.

कागदाची मर्यादाही आहे. डिसेंबरमध्ये टीव्हीचा लाल दिवा ठराविक वेळा लुकलुकून थांबायचा, परत तसंच, पडदा काळा. हा आतला बिघाड, यात घरी काही करण्यासारखं नाही, किती वेळा लुकलुकला ते मोजून मेकॅनिकला सांगायचं, ही ओळ तेव्हा खाली घातली. जळका वास आला तर थेट बोर्डावरनं बंद, आणि वीज चमकायच्या आधीच प्लग नि छत्रीची वायर काढून ठेवायची, कडकडाट सुरू झाल्यावर वायरीला हात नाही.

आठ महिन्यांत मला फोन आले तीन, एक त्या लाल दिव्याचा, दोन रिचार्जचे. पडद्यावरचे इंग्रजी शब्द आज्जीला वाचता येत नाहीत, म्हणून No Signal दिसणाऱ्या पडद्याचा फोटो काढून कागदावर चिकटवलाय, आता ती बोट ठेवून सांगते, हेच आलंय रे. रिचार्ज संपल्यावर पडदा कसा दिसतो तो फोटो अजून राहिलाय, पुढच्या वेळी संपला की अप्पांना आधी फोटो काढायला सांगितलंय, मग रिचार्ज.