“सगळं आहे हो आपल्याकडं” : हॉल बुक करताना सांगलीत झालेली एक फसवणूक

सांगलीत मिरज रोडला पहिल्या मजल्यावर एक हॉल आहे. खाली दुकानं, वर कार्यालय. एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी स्नेहसंमेलनासाठी तो घेतला. भाडं 85,000, त्यातले 50,000 आगाऊ. बुकिंगच्या वेळी संयोजकांनी तीन प्रश्न तोंडी विचारले: फायरची एनओसी आहे का, इन्शुरन्स आहे का, बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का. मॅनेजरने तिन्हींना “सगळं आहे हो आपल्याकडं” असं उत्तर दिलं आणि व्हॉट्सॲपवर दोन फोटो पाठवले. एक विम्याच्या पहिल्या पानाचा, दुसरा मागच्या जिन्याच्या दाराचा, वर ‘निर्गमन’ अशी हिरवी पाटी.

कार्यक्रमाच्या रात्री जेवणाच्या वेळी डेकोरेटरच्या फोकसच्या जोडणीतून धूर आला. जाळ झाला नाही, मेन स्विच पडला आणि अंधार झाला. मागच्या बाजूला बसलेली माणसं हिरव्या पाटीकडे गेली. दार उघडलं, जिनाही उतरले, पण खाली शटर ओढून बाहेरून कुलूप. तो जिना खालच्या दुकानाच्या मागच्या खोलीत उतरत होता आणि दुकान साडेआठला बंद होत होतं. लोक परत वर आले, पुढच्या जिन्यावर रेटारेटी झाली आणि एक निवृत्त शिक्षिका पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, बिल दोन लाखांच्या वर गेलं.

संयोजकांनी विम्याचा विषय काढला तेव्हा पूर्ण पॉलिसी पहिल्यांदा बाहेर आली. ती इमारत आणि सामानाच्या आगीची होती. जळालं काहीच नव्हतं, आणि जळालं असतं तरी त्या पॉलिसीतून मालकाच्या भिंती, खुर्च्या आणि एसीचे पैसे आले असते. पाहुण्याच्या मोडलेल्या हाडाचा तिच्याशी संबंधच नाही. वर मॅनेजरने पावतीची मागची बाजू दाखवली. बारीक अक्षरात छापलं होतं: ‘कार्यक्रमादरम्यान होणाऱ्या कोणत्याही अपघाताची सर्व जबाबदारी आयोजकांची राहील.’ अनामत तर परत मिळाली नाहीच, बिलही संयोजकांनी वर्गणी काढून भरलं.

यात गंमत अशी की मॅनेजर धडधडीत खोटं एकही वाक्य बोलला नव्हता. विमा होता. दुसरा जिनाही होता. फसवणूक झाली ती प्रश्न अर्धवट असल्यामुळे, आणि अर्धवट प्रश्नाला अर्धवट उत्तर देण्यात ही मंडळी तरबेज असतात.

विम्याचं आधी बघू. हॉलवाल्याकडे दोन वेगळ्या पॉलिसी असू शकतात. आगीची पॉलिसी बहुतेकांकडे असते, कारण बँकेचं कर्ज असलं की बँक ती घ्यायलाच लावते. पाहुण्याला इजा झाली तर उपयोगी पडते ती सार्वजनिक दायित्वाची, म्हणजे पब्लिक लायबिलिटी पॉलिसी. हॉलवाल्याच्या निष्काळजीपणामुळे तिऱ्हाईताला इजा झाली आणि त्याची कायदेशीर भरपाई देणं आलं, तर ती विमा कंपनी देते. कुलूप लावलेलं शटर हा असा निष्काळजीपणा ठरण्यासारखा आहे. पाय घसरून कोणी आपला आपण पडला तर मात्र हीही पॉलिसी पैसे देईलच असं नाही, त्याला वैयक्तिक अपघात विमा लागतो. म्हणून ‘विमा आहे का’ असं न विचारता ‘पब्लिक लायबिलिटी पॉलिसी आहे का, आणि एका अपघातासाठी तिची मर्यादा किती’ असं विचारायचं. तिच्यावर दोन आकडे असतात, एका अपघाताचा आणि पूर्ण वर्षाचा. मॅनेजर मोठा आकडा सांगतो, आपल्याला एका अपघाताचा हवा असतो.

दुसरी मेख नावात आहे. हॉल एकाच्या मालकीचा आणि चालवायला दुसऱ्याने घेतलेला, हे आपल्याकडे सर्रास चालतं. पॉलिसी मालकाच्या नावावर असेल आणि पावती चालवणाऱ्याच्या नावाची, तर चालवणाऱ्याच्या चुकीचा दावा त्या पॉलिसीत बसेल याची खात्री नाही. पॉलिसीवरचं विमाधारकाचं नाव आणि पावतीवरचं नाव शेजारी शेजारी ठेवून वाचा. मुदतीच्या तारखाही बघा. वरच्या प्रकरणात फोटो असा कापला होता की तारखेची ओळच दिसत नव्हती. ‘नूतनीकरण चालू आहे, चेक दिलाय’ हे उत्तर चालवून घेऊ नका. विमा कायदा 1938 च्या कलम 64 व्हीबीप्रमाणे हप्ता कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही. पॉलिसी क्रमांक मागून घ्या आणि कंपनीच्या शाखेत विचारून खात्री करा.

आता जिने. त्या हॉलच्या पत्रकावर ‘क्षमता 600’ असं छापलं होतं. हॉल 80 बाय 45 फूट, स्टेजची जागा वगळता साधारण 290 चौरस मीटर उरतात. राष्ट्रीय इमारत संहितेतला ढोबळ हिशोब असा की खुर्च्या ओळीने दाटीवाटीने मांडल्या तर माणशी 0.6 चौरस मीटर धरतात, आणि टेबलं मांडून जेवण असेल तर दीडच्या आसपास. म्हणजे ओळीने 480 माणसं बसतील, टेबलं मांडली तर दोनशेला थोडी कमी. 600 कुठून आले ते मॅनेजरलाच माहीत.

पण जागेपेक्षा जिना आधी अपुरा पडतो. 2016 च्या संहितेत जिन्यासाठी माणशी 10 मिलिमीटर रुंदी धरली आहे. पुढचा जिना 6 फूट, म्हणजे 1,830 मिलिमीटर, म्हणजे 183 माणसं. मागचा 4 फूट, त्याचे 122. दोन्ही उघडे असले तरी 305 होतात, आणि त्या रात्री हॉलमध्ये 450 माणसं होती. मागचं शटर बंद म्हटल्यावर 450 माणसांना 183 जणांचा एक जिना उरला. हे मोजायला टेप आणि पाच मिनिटं लागतात. कठड्याच्या आतल्या बाजूने मोजा, आणि जिन्यात ठेवलेल्या खुर्च्यांच्या थप्प्या, गाद्या, गॅसच्या टाक्या यांची जागा वजा करा. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 ला 59 माणसं गेली, तिथे बाल्कनीत जादा खुर्च्या टाकून बाहेर पडायची वाट बुजवलेली होती.

दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी हवीत आणि आतून किल्लीशिवाय उघडली पाहिजेत. सरकतं दार किंवा शटर हा बाहेर पडायचा मार्ग धरत नाहीत. हिरव्या पाटीवर थांबू नका. त्या दारातून स्वतः खाली उतरून उघड्या रस्त्यावर पोचेपर्यंत चालत जा.

कागदांचं म्हणाल तर ‘एनओसी’ या शब्दाखाली मॅनेजर काहीही दाखवतो. बऱ्याचदा ती बिल्डरला बांधकामाच्या वेळी मिळालेली असते आणि तिच्यात वरचा मजला कार्यालय किंवा शोरूम म्हणून दाखवलेला असतो. वापर ‘सभागृह’ किंवा ‘मंगल कार्यालय’ असा लिहिला आहे का ते वाचा. त्याहून कामाचा कागद म्हणजे फॉर्म ‘बी’. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा हा दाखला मालकाने किंवा ताबेदाराने दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. परवानाधारक एजन्सीची सही आणि अग्निशमन विभागाचा आवक शिक्का, दोन्ही बघा. शिक्का नसेल तर तो कागद ऑफिसातच राहिलेला असू शकतो. सांगलीत पंप तळघरात असेल तर पुराच्या पाण्यानंतर मोटर कधी चालवून बघितली हेही विचारा, 2019 मध्ये बरीच तळघरं पाण्याखाली होती. मात्र फॉर्म ‘बी’ असला म्हणून तुमच्या कार्यक्रमाच्या रात्री शटर उघडं असेल असं नाही. ते वेगळं लिहून घ्यावं लागतं.

आगाऊ रक्कम देण्यापूर्वी पाठवायच्या पत्राचा मजकूर साधारण असा ठेवा:

“दि. ___ रोजी सायं. ___ ते रात्री ___ या वेळेत अंदाजे ___ व्यक्तींसाठी, जेवणाच्या टेबलांसह, हॉल घेण्याचा आमचा विचार आहे. कृपया लेखी कळवावे: (1) या मांडणीसाठी किती व्यक्तींना परवानगी आहे व ती कोणत्या कागदावर नमूद आहे, (2) बाहेर पडण्याचे मार्ग किती, प्रत्येकाची रुंदी किती व तो कोठे उतरतो, (3) कार्यक्रम संपेपर्यंत सर्व मार्ग कुलूप न लावता उघडे ठेवण्याची जबाबदारी कोणत्या व्यक्तीची, (4) शेवटचा फॉर्म ‘बी’ कोणत्या महिन्याचा, त्याची प्रत द्यावी, (5) सार्वजनिक दायित्व विम्याचे विमाधारक, पॉलिसी क्रमांक, मुदत, एका अपघाताची मर्यादा, आणि अन्न, लिफ्ट व बाहेरील डेकोरेटर यांपैकी काय वगळले आहे, पॉलिसीची सर्व पाने द्यावीत.”

प्रश्न 5 मधलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. वगळलेल्या गोष्टी मागच्या पानांवर असतात, पहिल्या पानावर नाही. उत्तर ‘सर्व काही नियमानुसार आहे’ असं एका ओळीत आलं तर ते उत्तर धरू नका. तेच पाच प्रश्न पुन्हा पाठवा आणि पैसे थांबवा. लग्नसराईत मॅनेजर म्हणेल, “साहेब, तारीख जाईल.” जाऊ दे.

पावतीच्या मागच्या त्या अटीवरही हात घाला. ती तशीच सही करून दिली, तर हॉलवाल्याच्या चुकीची जबाबदारी तुम्ही कराराने अंगावर घेता. तुम्ही स्वतः कार्यक्रमाचा विमा काढला असला तरी दायित्वाच्या पॉलिसीत अशी करारानं घेतलेली जबाबदारी सहसा वगळलेली असते. अटीच्या शेजारी पेनाने लिहा: ‘व्यवस्थापनाच्या ताब्यातील दरवाजे, जिने, लिफ्ट व वीजजोडणी यांतील दोष वगळून.’ खाली दोघांच्या सह्या, दोन्ही प्रतींवर.

पत्राची पोच घ्या, नाहीतर ईमेल करा. वरच्या प्रकरणात जिल्हा ग्राहक आयोगात जायचा रस्ता होता. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे आणि 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी लागत नाही. पण मॅनेजर काय बोलला होता याचा कागदच नव्हता. होता तो त्याच्या अटीचा, आणि त्याच्यावर संयोजकांची सही.

हॉल बघायला सकाळी अकराला जाऊ नका. तेव्हा खालची दुकानं उघडी असतात आणि मागचा जिना मोकळा दिसतो. रात्री नऊला जा.